फिश टँकच्या व्हिडिओतला निळा-हिरवा रंग काढायचाय? आधी पांढरा नीट करा, मग केशरी

माझ्या एका मित्राचं इथं सोलापुरात छोटं मत्स्यालयाचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडं ओरँडा गोल्डफिशची एक झकास जोडी आली, केशरी अंग, पोट पांढरं, डोक्यावर ती टोपीसारखी गाठ. म्हणला रील करून दे. मी फोन काढला, तीस सेकंद शूट केलं, गाणं टाकलं नि पाठवलं. पाच मिनिटात फोन. "काय बे, मासा आजारी असल्यासारखा दिसालाय की, गिऱ्हाईक काय घेणार?" बघितलं तर खरंच, केशरी मासा विटकरी-तपकिरी, पांढरं पोट फिक्कं आकाशी, आणि सगळ्या फ्रेमवर काचेच्या बाटलीतून बघितल्यासारखा निळा-हिरवा पडदा.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवला. मासा थोडा रंगला पण पाणी तर एकदम निळीच्या बादलीसारखं झालं, कारण सॅच्युरेशन सगळ्याच रंगांना सारखं ढकलतं आणि फ्रेममधे सगळ्यात जास्त रंग तो पडद्याचाच होता. त्या दिवशी कळलं की इथं कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हाइट बॅलन्सनं, म्हणजे पांढरी वस्तू पांढरीच दिसेल असा रंगांचा तोल साधून, पडदा काढायचा, आणि मग जे उरतं तेवढ्यालाच निवडून सॅच्युरेशन कमी-जास्त करायचं. उलटं केलं की फसतं, का फसतं ते पुढं सांगतो.

हा रंग येतो कुठून

समुद्रात कारण पाणीच असतं. पाणी लाल उजेड सगळ्यात आधी गिळतं, पाच-सहा मीटर खाली गेलं की लाल जवळजवळ संपतोच, म्हणून खाली सगळं निळं. घरच्या टँकमधे पाणी दीड फूट, तेवढ्यात लाल काय फारसा जात नाही. मग पडदा कशाचा? मुख्य म्हणजे लाइटचा. टँकवर लावायच्या त्या क्लिपवाल्या एलईडीत पांढऱ्याबरोबर निळे एलईडी पण असतात, बटण दाबत गेलं की पांढरा, निळा, दोन्ही असं फिरतं, आणि दुकानदार लोक हमखास दोन्ही लावून ठेवतात कारण डोळ्याला टँक भारी दिसतो. हिरवा येतो साध्या काचेतून (काचेची कड बघा, हिरवी दिसते, ते काचेतल्या लोहामुळं) आणि शेवाळातून. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, त्यात माणसांचंच भागंना, मग टँकचं पाणी बदलायचं काम पुढं पुढं जातं आणि मे महिन्यात पाणी हिरवट झालेलंच असतं. बोरचं पाणी असेल तर काचेवर खाराची पांढरी रेघ वेगळीच.

तिसरं कारण फोन स्वतः. ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक क्षणाला अंदाज बांधत असतो. मोठा केशरी मासा फ्रेमभर आला की फोनला वाटतं उजेडच पिवळा-केशरी आहे, म्हणून तो सगळं निळ्याकडं ढकलतो. मासा गेला की परत मागं. म्हणजे एकाच क्लिपमधे रंग तीन वेळा बदलतो, आणि असली क्लिप दुरुस्त करायची म्हणजे जागोजागी कीफ्रेम, म्हणजे इथून सेटिंग बदल अशा खुणा, टाकत बसायचं. मी एकदा बसलोय, रात्रीचे दोन वाजले होते, पुन्हा नको.

शूट करतानाच अर्धं काम

निळे एलईडी बंद करा, फक्त पांढरे ठेवा. हे एवढंच केलं तरी पुढचा निम्मा त्रास वाचतो. आणि टँक नुसत्या निळ्या मोडमधे असताना शूट केलेलं असेल तर ते सोडूनच द्या. नुसत्या निळ्या उजेडात लाल-केशरी किरणच नसतात, माशाच्या अंगावरून परत यायला काही नाहीच, मासा काळपट दिसतो आणि एडिटिंगमधे कितीही ओढलं तरी हाताला फक्त नॉइज, म्हणजे वळवळणारे दाणे, लागतो.

फोनमधे प्रो व्हिडिओ मोड असेल तर तो घ्या, नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप आहे. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून केल्विनवर, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या आकड्यावर, लॉक करायचा. आकडा वाढवला की चित्र उबदार होतं, म्हणजे निळ्या लाइटसाठी आकडा वर न्यायचा, मित्राच्या टँकला मला ८००० च्या आसपास ठेवावा लागला. बऱ्याच फोनमधे निळा-पिवळा एवढाच अक्ष बदलता येतो, हिरवा-मॅजेंटा नाही, तेव्हा थोडा हिरवा राहणार, तो घरी काढू. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली लाइन ५० हर्ट्झची आहे, नाहीतर एलईडीचे पट्टे सरकताना दिसतात. एचडीआर बंद.

एक्स्पोजर जरा कमीच ठेवा. कारण सांगतो. व्हिडिओ लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलमधे नोंदला जातो. टँकच्या उजेडात त्यातला निळा चॅनल सगळ्यात वर असतो, आणि बुडबुड्यांच्या चकाकीत तोच आधी फुल होऊन फुटतो. एकदा फुटला की तिथली माहिती गेली, नंतर तुम्ही निळा खाली आणून लाल वर नेला की ती पांढरी चकाकी पिवळी-केशरी पडते. बुडबुडे हळद लावल्यासारखे दिसायला लागले तर समजा शूटिंगमधेच चूक आहे, एडिटिंगमधे नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, पांढरा रेफरन्स. मी पहिल्यांदा काय केलं, सोलापूरचा माणूस, घरात टॉवेलला काय तोटा, पांढरा शुभ्र टर्किश टॉवेल टँकच्या मागं लटकवला नि त्याच्यावरून बॅलन्स केला. सगळा व्हिडिओ पिवळट. एकतर टॉवेल टँकच्या बाहेर, त्याच्यावर दुकानाच्या ट्यूबचा उजेड पडत होता, टँकच्या लाइटचा नाही. दुसरं, टॉवेल, शर्ट, कागद असल्या झगझगीत पांढऱ्या गोष्टींत नीळ नाहीतर चमक आणणारं रसायन असतं, ते स्वतःच निळसर उजेड टाकतं. आणि निळसर वस्तूला पांढरं मानलं की बाकीचं सगळं पिवळं होणारच. रेफरन्स पाण्याच्या आतच पाहिजे, मासा फिरतो तिथंच, त्याच लाइटखाली.

प्लंबरकडून पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा घ्या, स्वच्छ धुवा (साबण नको, माशांना चालत नाही), दोऱ्यानं बांधून टँकच्या मधोमध सोडा. खालची पांढरी खडी वापरू नका, तिच्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, डोळ्याला दिसत नाही पण ती पांढरी नसते. व्हाइट बॅलन्स लॉक करून आधी पाच सेकंद तुकडा फ्रेमभर येईल असा जवळून शूट करा, तुकडा काढा, मग त्याच सेटिंगवर मासे. मधे लाइटचं बटण दाबलं की रेफरन्स परत घ्यायचा.

आता कॉम्प्युटरवर

मी डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं फुकट व्हर्जन वापरतो, या कामाला पुरतं. क्लिप टाइमलाइनवर घ्या, पहिली रेफरन्सवाली, मागं माशांच्या, आणि खालून `Color` पेज उघडा. स्कोप, म्हणजे रंगांचे आलेख दाखवणारी खिडकी, तिच्यात `Parade` लावा. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल शेजारी शेजारी दिसतात, ० पासून १०२३ पर्यंत. हा आलेख खोटं बोलत नाही. डोळा बोलतो, पाच मिनिटं निळ्याकडं बघत बसलं की डोळ्याला निळंच पांढरं वाटायला लागतं.

माझ्या रेफरन्स क्लिपमधे पीव्हीसीचा जाड पट्टा लालमधे ४३० च्या आसपास होता, हिरव्यात ६१०, निळ्यात ६८०. पांढरी वस्तू म्हणजे तिन्ही सारखे पाहिजेत. इथं लाल चांगलाच मागं आहे, निळा थोडा पुढं. म्हणजे आपल्याला "निळं जास्त आहे" असं दिसत असलं तरी खरं दुखणं लाल कमी असल्याचं आहे, हे आलेखावरच कळतं.

आता `Primaries` च्या व्हीलवर वरती `Temp` आणि `Tint` असतात. `Temp` अधिककडं नेलं की निळा कमी होऊन चित्र पिवळ्या-केशरीकडं जातं, `Tint` अधिककडं नेलं की हिरवा कमी होऊन मॅजेंटाकडं. पडदा निळाही आहे नि हिरवाही, म्हणून दोन्ही अधिककडं जाणार. आधी `Temp` हळूहळू वाढवा, लाल आणि निळ्याची पातळी एक होईपर्यंत. तेव्हा हिरवा एकटाच वर राहिलेला दिसेल, मग `Tint` वाढवून त्याला खाली आणा. दोन्ही एकमेकांना थोडं हलवतात त्यामुळं दोनतीनदा पुढंमागं करावं लागतं. माझ्याकडं शेवटी तिन्ही ५६०-५७० च्या घरात बसले. आयड्रॉपर पण आहे, तो तुकड्यावर टिचकी मारली की हेच आपोआप होतं, सुरवातीला वापरा, पण पॅरेड बघून तपासाच, कारण तो एवढ्याशा जागेचा रंग घेतो आणि तिथं एखादी सावली नाहीतर बुडबुडा असला तर गेलं.

`Temp`-`Tint` संपत आले तरी लाल अजून मागंच असेल तर `Gain`, म्हणजे उजळ भागांच्या, व्हीलखालचा लालचा आकडा १.०० वरून थोडा वाढवा, १.१०, १.१५ असं. एकदम १.५ वर उडी मारू नका.

यानंतर माशाच्या क्लिपला हेच सेटिंग द्यायचं. वरच्या पट्टीत माशाची क्लिप सिलेक्ट करून रेफरन्स क्लिपच्या थंबनेलवर माउसचं मधलं बटण दाबलं की ग्रेड, म्हणजे ही सगळी रंगांची सेटिंग, जशीच्या तशी उतरते. आता पॅरेडचा तळ बघा. पाण्यात धूसरपणा असला तर सावल्यांवर पण निळा-हिरवा थर असतो, म्हणून निळ्या-हिरव्याचा तळ लालच्या तळापेक्षा वर तरंगताना दिसतो. वरचं `Gain` नीट केलं तरी हे जात नाही. ते `Lift` चं, म्हणजे सावल्यांच्या व्हीलचं काम, तिथं निळा नि हिरवा अगदी किंचित खाली, तिन्हीचे तळ एका ओळीत येईपर्यंत. थोडंसं जास्त झालं की सावल्या लगेच वांगी रंगाच्या होतात, तसं दिसलं की मागं या.

इथवर आल्यावर माझा मासा केशरी झाला होता, पोट पांढरं. पण पूर्ण झालं नव्हतं. मागच्या कोपऱ्यातलं पाणी अजून फिरोजी होतं, काचेजवळ एक हिरवट झाक होती. हे व्हाइट बॅलन्सनं जाणारच नाही, कारण व्हाइट बॅलन्स सगळ्या फ्रेमला एकच गणित लावतो आणि पडदा मात्र सगळीकडं सारखा नसतो, जेवढं पाणी मधे जास्त तेवढा तो जाड. मागचं पाणी पांढरं करायच्या नादात `Temp` अजून ओढला तर पुढचा मासा टोमॅटो होतो. तिथं हात थांबवायचा, आणि दुसऱ्या हत्याराकडं जायचं.

निवडून सॅच्युरेशन

`Alt+S` दाबून नवीन नोड, म्हणजे दुरुस्तीचा पुढचा टप्पा, घ्या. पहिल्या नोडमधे फक्त बॅलन्स, दुसऱ्यात फक्त हे, म्हणजे एक बंद करून दुसरा बघता येतो. `Curves` मधे `Hue Vs Sat` उघडा. आडवी रेघ दिसेल, तिच्यावर डावीकडून उजवीकडं सगळे रंग पसरलेले. रेघ जिथं खाली ओढाल त्या रंगाचं सॅच्युरेशन कमी, वर ओढाल तिथं जास्त, बाकीच्यांना धक्का नाही. खाली सहा रंगांचे ठिपके असतात, त्यातल्या फिरोजी, म्हणजे निळ्या-हिरव्याच्या मधल्या ठिपक्यावर क्लिक केलं की रेघेवर त्या जागी पॉइंट येतात.

आता तो क्रम का ते. हेच तुम्ही बॅलन्सच्या आधी केलं असतं तर पडद्यामुळं केशरी मासा रेघेवर केशरीच्या जागी नसताच, तो मळकट पिवळ्या-हिरव्यात सरकलेला असता, झाडांच्या शेजारी. त्याला वाढवायला गेलं की झाडं वाढली असती, आणि पांढरं पोट फिरोजीत मोडत असल्यामुळं फिरोजी कमी केल्यावर ते नुसतं राखाडी झालं असतं. आधी बॅलन्स केल्यानं प्रत्येक रंग आपापल्या घरी जातो, मग पत्त्यावर जाऊन एकेकाला पकडता येतं.

मित्राच्या क्लिपला मी फिरोजीचा मधला पॉइंट १.०० वरून ०.६० पर्यंत खाली आणला, निळा ०.८० पर्यंतच. हिरव्याला हातच लावला नाही, कारण मागं झाडं होती (प्लास्टिकची, गोल्डफिश खरी झाडं शिल्लक ठेवतोय होय?). मग केशरीसाठी कर्व्ह उघडा ठेवून चित्रात माशाच्या अंगावर क्लिक केलं, त्यानं रेघेवर आपोआप तीन पॉइंट पडतात, मधला उचलून १.१५. बास. हे १.१५ मी आधी १.४० केलं होतं, स्क्रीनवर लई भारी दिसत होतं, पण मित्र म्हणला गिऱ्हाईक व्हिडिओ बघून येतंय, दुकानात मासा त्यापेक्षा फिक्का दिसला की मलाच शिव्या. बरोबर आहे त्याचं. शेवटी टँकसमोर फोन धरून मासा नि स्क्रीन शेजारी शेजारी बघून आकडा ठरवला.

निळं शून्यावर नेऊ नका हे वेगळं सांगतो, कारण सगळे नवे लोक तेच करतात. पाण्यातला सगळा निळा काढला की पाणी राखेसारखं दिसतं आणि मासा हवेत टांगल्यासारखा. थोडी निळसर झाक राहिली तरच ते पाणी वाटतं.

दुसरी एक भानगड कडांची. पॉइंट जवळजवळ ठेवून रेघेला खोल अरुंद खड्डा पाडला तर माशाच्या परांच्या कडेला चौकोनी-चौकोनी तुकडे दिसायला लागतात. फोनचा व्हिडिओ साधारण ८ बिट, ४:२:० असतो, म्हणजे उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा नोंदवला जातो पण रंग चार पिक्सेलला मिळून एकच. त्यामुळं रंगाला तीक्ष्ण कापायला गेलं की ते चौकोन उघडे पडतात. उपाय साधा, बाजूचे पॉइंट लांब सरकवून उतार पसरट करायचा. दोनशे टक्के झूम करून परांची कड चालू व्हिडिओत बघा, पॉज करून नाही, कारण काही गोष्टी हलतानाच चमकतात.

आणि लाल वाढवल्यामुळं सावल्यांत लालसर मुंग्या आल्या असतील तर त्याच ठिकाणी `Lum Vs Sat` कर्व्ह आहे, तिथं डावं टोक, म्हणजे सगळ्यात काळा भाग, खाली ओढा. मुंग्या राहतात पण राखाडी होतात, मग डोळ्याला खुपत नाहीत.

तारकर्लीच्या क्लिपचं काय

हे शिकल्यावर चुलतभाऊ तारकर्लीला केलेल्या स्कूबाचा व्हिडिओ घेऊन आला, माझं पण कर म्हणला. पॅरेड लावलं तर लाल चॅनल तळाला चिकटलेली पट्टी, वर उठतच नव्हता. टँकमधे लाल मागं होता, इथं जवळजवळ नव्हताच. अशा वेळी `Gain` वाढवून फक्त नॉइज मिळतो. `RGB Mixer` मधे लालच्या गटात हिरव्याचा थोडा वाटा मिसळता येतो, ०.२०-०.३० असा, मग चेहऱ्याला जरा माणसाचा रंग येतो. पण तो लाल उसना आहे, हिरव्यावरून बनवलेला, त्यामुळं लाल मासा आणि तपकिरी दगड यांच्यातला फरक परत येत नाही. जवळचा हात ठीक दिसतो, चार मीटर लांबचा माणूस निळाच राहतो, कारण त्याच्या नि कॅमेऱ्याच्या मधे तेवढं जास्त पाणी आहे. चुलतभावाचा चेहरा नीट दिसेल एवढं करून मी लांबचं तसंच सोडलं. त्याला सांगितलं, पुढच्या वेळी कॅमेरावाल्याला लाल फिल्टर नाहीतर टॉर्च आहे का विचार, आणि नसेल तर वर वर असतानाच फोटो काढून घे.

फोनवरच एडिट करणाऱ्यांसाठी: बऱ्याच अ‍ॅपमधे `HSL` नावाचा भाग असतो, ते ह्याच कर्व्हचं छोटं रूप, रंग निवडा नि सॅच्युरेशनची पट्टी सरकवा. आधी टेंपरेचर-टिंट, मग `HSL`, क्रम तोच. फक्त पॅरेड नसतं, म्हणून पीव्हीसीचा तुकडा अजूनच गरजेचा, त्याला स्क्रीनवर झूम करून घ्या आणि शेजारी अ‍ॅपचाच एखादा राखाडी भाग ठेवून बघा, त्याच्यापेक्षा निळा दिसतो का हिरवा.

मित्राच्या दुकानातला तो तुकडा आता कायम काउंटरच्या खिळ्याला दोऱ्यानं लटकलेला असतो, गिऱ्हाईक विचारतात हे काय, तो सांगतो माशांचा थर्मामीटर.